सेलची कॅप्शन आणि तिच्यात न मावलेला हिशेब

फेब्रुवारी संपता संपता अकोल्यात कूलरच्या जाळ्यांना नवा वाळा लागतो आणि माझ्या एका दुकानदार मित्राचा फोन येतो, "अरे, एसीच्या सेलची दोन ओळींची कॅप्शन लिहून दे." यंदा त्याने मजकूरही सांगून टाकला: 'उन्हाळ्यापूर्वीचा महासेल! फिटिंग फ्री! फाइव्ह स्टार! एक्स्चेंजवर ६००० पर्यंत सूट!' मला फक्त उद्गारचिन्हं नीट लावायची होती. म्हटलं, लावतो, पण यातल्या एकेका शब्दाचं बिल आधी दाखव.

त्याने काढून दाखवलं मागच्या वर्षीचं एक बिल. दुसऱ्या मजल्यावरची बेडरूम, दीड टनाचा स्प्लिट. इनडोअर मशीन पलंगाच्या डोक्यावर आणि आउटडोअर गच्चीवर, कारण खिडकीबाहेर जागा नव्हती. 'फिटिंग फ्री' म्हणजे फिटरची १५०० रुपये मजुरी माफ, एवढंच. खोक्यात बहुतेक वेळा ३ मीटर तांब्याचा पाईप येतो. इथे ७ मीटर लागला. वरचे ४ मीटर, मीटरला ८०० प्रमाणे ३२०० रुपये. लोखंडी स्टँड ८००, जास्तीची केबल ४००, पाणी खाली सोडायचा पाईप ३००. फुकटच्या फिटिंगचे ४७०० झाले. गिऱ्हाईक भडकलं, आणि मित्राचंही खोटं नव्हतं. तांबं महागच आहे. चूक एवढीच, की हा आकडा एसी भिंतीवर चढल्यावर सांगितला गेला. आउटडोअर कुठे बसेल ते बघायला फिटर आधी घरी येऊन गेला असता, तर हेच बिल निमूट भरलं गेलं असतं.

मजुरीच्या या १५०० रुपयांत एक काम असतं, ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून घाईच्या दिवसांत तेच गाळलं जातं. इनडोअर आणि आउटडोअर जोडल्यावर पाईपमध्ये बाहेरची हवा आणि तिच्यातला ओलावा अडकलेला असतो. तो व्हॅक्यूम पंप लावून ओढून काढायचा, पंधरा-वीस मिनिटं पंप चालू ठेवायचा, मग गेज बघत थांबायचं. काटा जागचा हलला नाही तर जोड घट्ट आहेत. त्यानंतरच आउटडोअरचे व्हॉल्व्ह उघडून गॅस आत सोडायचा. मे महिन्यात दिवसाला सहा घरं करणारा फिटर पंप गाडीवरच ठेवतो. जोड किंचित सैल करून थोडा गॅस फुस्कन सोडतो आणि त्यासोबत हवा गेली असं समजतो. हवा जाते बरीचशी, ओलावा राहतो. पहिला उन्हाळा निभावतो. पुढच्या वर्षी थंडावा कमी पडतो, आणि जोड गळत असेल तर बारीक पाईपवर पांढरा बर्फ धरतो. साबणाचा फेस जोडावर लावला की बुडबुडा गळती दाखवतो. त्यावर 'गॅस भरून देतो' म्हणणारा जोड दुरुस्त न करताच भरत असेल, तर पुढच्या वर्षी तोच पुन्हा येणार. फेब्रुवारीत एसी घेण्याचा खरा फायदा सवलतीपेक्षा हाच वाटतो मला: फिटरला पंप उतरवायला वेळ असतो.

मग 'फाइव्ह स्टार'. हे तारे ऊर्जा दक्षता ब्यूरोचे, आणि ते मशीनच्या टिकाऊपणाचे नाहीत की गारव्याचेही नाहीत. खाल्लेल्या विजेच्या बदल्यात मशीन हंगामभरात किती उष्णता बाहेर फेकतं, ते गुणोत्तर मोजून तारे देतात. लेबलवर ते आयएसईईआर म्हणून छापलेलं असतं. गंमत अशी, की ताऱ्यांची मोजपट्टीच बदलत असते. २०१८च्या पट्टीत स्प्लिट एसीला हा आकडा ४.५ आला की पाच तारे मिळत, जुलै २०२२ पासून ५ लागू लागला, आणि जानेवारी २०२६ पासून पट्टी आणखी कडक झाली. ढोबळमानाने कालचा पाच तारेवाला आज चार ताऱ्यांचा. उन्हाळ्यापूर्वीच्या सेलमध्ये गोदामातला मागचा माल निघतो, तेव्हा तारे मोजण्याआधी लेबलवरची मुदत वाचावी. जुन्या लेबलचा एसी वाईट नसतो, फक्त तो नव्या पाच ताऱ्यांच्या भावात घेऊ नये.

त्याच लेबलवर वर्षाचे युनिट दिलेले असतात. मित्राच्या दुकानातल्या दीड टनाच्या दोन मशीनवर ते ९६० आणि ७६० होते. पहिलं तीन तारे, दुसरं पाच. वर्षाला २०० युनिट वाचले, युनिटला १२ रुपये धरले तर २४०० रुपये. किमतीत फरक ८००० चा, म्हणजे साडेतीन वर्षांच्या आत वसूल. दुकानात हिशेब इथे थांबतो. पण लेबलवरचे युनिट वर्षाला १६०० तासांचे असतात. आमच्याकडे दुपारी कूलर आणि रात्री एसी, तोही एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत: ७५ रात्री गुणिले ८, म्हणजे ६०० तास. मग बचत ७५ युनिट, वर्षाला ९०० रुपये, आणि ८००० वसूल व्हायला नऊ वर्षं. अशा घराला तीन तारे पुरतात. दिवसभर एसी चालणाऱ्या दवाखान्याला पाचच हवेत. शिवाय मशीनची ताकद बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. अकोल्याच्या ४५ अंशांत, पश्चिमेच्या गच्चीवर तापलेलं आउटडोअर तेवढा गारवा देत नाही आणि वीजही जास्त ओढतं. त्याच्यावर, हवा न कोंडता, सावली धरणं हे एका ताऱ्याइतकं नसेल, पण स्वस्त आहे.

राहिलं एक्स्चेंज. '६००० पर्यंत' यातलं 'पर्यंत' हा सगळ्यात महाग शब्द. बोर्डावर किंमत ४२,०००. जुन्या एसीचे ४००० धरले की ३८,०००. मी मित्राला विचारलं, जुना न देता घासाघीस केली तर? थोडा घुटमळला, मग म्हणाला, "३८,५०० ला देतो." म्हणजे जुन्या मशीनचे खरे ५०० झाले, आणि ते काढायची मजुरी ६०० वेगळी. तांब्याच्या कॉइलचा तोच स्प्लिट भंगारवाला तीन हजारांना उचलतो. पण भंगारवाला पाईप कापून मोकळा होतो, आतला गॅस हवेत. जुन्या मशीनमधला आर-२२ असेल तर तो ओझोनच्या थराला खातो. जाणता फिटर आधी तो गॅस आउटडोअरमध्ये ओढून व्हॉल्व्ह बंद करतो, मगच पाईप सोडवतो. म्हणून भाव विचारताना क्रम पाळावा: आधी जुन्याचं नावही न काढता नव्याची शेवटची किंमत, मग जुन्याची गोष्ट. आणि भिंतीतला जुना तांब्याचा पाईप कुणाचा, हेही तेव्हाच.

शेवटी कॅप्शन अशी झाली: 'दीड टन, पाच स्टार, लेबल २०२५चं, वर्षाला ७६० युनिट (१६०० तास). ३८,५०० रुपये. फिटिंगची मजुरी माफ, व्हॅक्यूमसह. ३ मीटर पाईप आत, पुढे मीटरला ८००, स्टँड ८००. जुना चालू स्प्लिट, दोन्ही युनिटांसह: २५००. काढायची मजुरी आमची.'

मित्र म्हणाला, यात एकही उद्गारचिन्ह नाही. तरी टाकली. पहिला फोन एका निवृत्त मास्तरांचा आला: "पाईप दोन असतात ना, एक जाड, एक बारीक. मग ८०० एकाचे की जोडीचे?"

'जोडीचे' हा शब्द संध्याकाळी घातला.