रनर, चाक, टाका : वर्षभरानंतर बॅगेची झडती

दुकानात ट्रॉली बॅग घेताना लोक कवचावर बुक्की मारून पाहतात, हँडल दोन-तीनदा वर-खाली करतात आणि रंगावर घरच्यांचं मत घेतात. पण कवच सहसा आधी दगा देत नाही. वर्षभर विमानाचं पोट, एसटीची डिकी आणि रेल्वेच्या बाकाखालची जागा पाहून आलेल्या बॅगेचं कवच ओरखडलेलं असतं, इतकंच. मोडतं ते दुसरंच काहीतरी : चेनचा रनर, एखादं चाक, पट्ट्याच्या मुळाशी घातलेली शिलाई. म्हणून खरेदीच्या आठवड्यात दिलेल्या पाच ताऱ्यांना फारसा अर्थ नसतो. वर्षाने बॅग रिकामी करून, अस्तराची चेन उघडून भर उजेडात पाहावी. काय मोडलं एवढंच पाहून थांबू नये, कसं मोडलं तेही पाहावं, कारण हमीचा दावा टिकणार की फेटाळला जाणार, हे बहुतेकदा त्यावरच ठरतं.

सुरुवात चेनपासून. प्रवासी बॅगांना बहुधा नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या दोऱ्याचं वेटोळं असलेली चेन असते. सुटे दात नसल्यामुळे ती बॅगेच्या कोपऱ्यावरून सहज वळते. तिचा एक नेहमीचा आजार असा : रनर पुढे जातो, चेन लागल्यासारखी दिसते आणि त्याच्या मागे पुन्हा उघडते. ‘चेन गेली’ म्हणून लोक बॅग टाकायला निघतात. वेटोळं मात्र पुष्कळदा धडधाकट असतं, झिजलेला असतो तो धातूचा रनर. धूळ आणि वाळूचे कण त्याच्या आतल्या भिंती घासतात, ठासून भरलेल्या बॅगेचा ताण त्याचे जबडे किंचित फाकवतो आणि मग तो दोन्ही बाजू एकमेकींत नीट दाबू शकत नाही.

हे ओळखायला बॅग रिकामी असताना चेन लावून पाहावी. रिकाम्या बॅगेतही रनरच्या मागे चेन सुटत असेल, तर रनरवर संशय घ्यावा. फक्त कोपऱ्यावर आणि फक्त भरलेल्या बॅगेत सुटत असेल, तर चूक सामानाची. आणि एकाच ठिकाणी वेटोळं वाकलेलं किंवा टाक्यातून निघालेलं दिसलं, तर नवा रनर घालून उपयोग नाही, चेनच बदलावी लागते. फाकलेला रनर पकडीने दोन्ही कडांना अगदी हलकेच दाबला की काही महिने चालतो. जोर जास्त झाला तर मात्र तो जागचा हलत नाही किंवा तडकतो. रनरच्या पाठीवर बहुतेकदा ५, ८ किंवा १० असा आकडा असतो. तो चेनच्या रुंदीचा आकार. नवा रनर त्याच आकाराचा आणि त्याच जातीच्या चेनचा लागतो, आणि बॅग दुरुस्त करणाऱ्यांकडे तो मिळतो. (याच वेटोळ्याच्या चेनमध्ये बॉलपेनचं टोक खुपसून बॅग उघडता येते आणि रनर फिरवून पुन्हा बंदही करता येते. कुलूप तसंच लटकत राहतं. दागिने केबिनमध्ये सोबत ठेवावेत, ते यासाठी.)

चाकांची गोष्ट जरा वेगळी आहे. १९८७च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ या अमेरिकी वैमानिकाने उभी ओढायची बॅग बनवली, तिला दोनच चाकं होती. आजच्या चार चाकांच्या बॅगेत प्रत्येक चाक दोन आसांवर फिरतं : एक आडवा, चाक पळवणारा, आणि एक उभा, दिशा बदलणारा. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर ती बोटाने ढकलता येते. फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकवर मात्र प्रत्येक फटीचा धक्का त्या बारीक उभ्या आसाला बसतो. शिवाय ही चाकं बॅगेबाहेर डोकावत असल्यामुळे सामान फेकताना पहिला मार तीच खातात.

चारही चाकं हाताने फिरवून पाहावीत. सगळीकडून सारखी झिज ही वापराची. एखाद्या चाकाला एकाच जागी सपाट पट्टा पडला असेल, तर ते चाक फिरायचं थांबलं होतं आणि तसंच फरफटत नेलं गेलं. अशा वेळी आसाभोवती बहुधा केस आणि धागे गुंडाळलेले सापडतात. ते कात्रीने कापून चिमट्याने काढले की आवाज आणि अडखळणं दोन्ही कमी होतं. माळ्यावर ठेवलेल्या, फारशा न वापरलेल्या बॅगेत तिसराच प्रकार दिसतो : चाकाचं रबरासारखं आवरण चुरा होऊन गळतं. ते पॉलियुरेथेनचं असतं, आणि त्याच्या काही प्रकारांची साखळी हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे लवकर होतं. अशा बॅगेला वापरून जेवढा त्रास होतो त्याहून जास्त पडून राहून होतो.

शिलाईचं निदान त्या मानाने सोपं. पाठीवरच्या सॅकचा पट्टा जिथे पाठीला जोडलेला असतो तिथे पुढे-मागे दाट टाक्यांची आडवी पट्टी असते, तिला कारखान्यात बारटॅक म्हणतात. धागा तुटला असून कापड शाबूत असेल, तर जाड नायलॉन दोऱ्याने कुणीही कसबी कारागीर ते पुन्हा शिवून देईल. पण कापडच शिवणीच्या रेषेतून उसवून झिरमिळ्या लोंबत असतील, तर शिवणीबाहेर कापड पुरेसं सोडलेलंच नव्हतं, अशी शक्यता मोठी. हा बनावटीतला दोष आहे आणि हमीच्या दाव्यात नेमका असाच फोटो कामाला येतो.

हमीपत्रात बहुधा दोष बनावटीचा असेल तरच दुरुस्ती, असं लिहिलेलं असतं. नेहमीची झिज आणि वाहतुकीत झालेली मोडतोड अनेक कंपन्या वगळतात. आता समजा, दुबईहून मुंबईला आलेल्या प्रवाशाला पट्ट्यावर आपली बॅग तीन चाकांवर लंगडताना दिसली. रात्रीचे दोन वाजलेत, तो थकून घरी जातो आणि सवडीने बॅग कंपनीच्या सेवा केंद्रात नेतो. आसाची खोबण बाहेरच्या धक्क्याने फुटल्याचं तिथे दिसतं आणि दावा फेटाळला जातो. विमान कंपनीकडे गेल्यावर पहिला प्रश्न येतो : विमानतळावर तक्रार का नोंदवली नाही?

या प्रवाशाने पट्ट्याजवळच्या सामान कक्षात जाऊन लेखी नोंद करायला हवी होती. तिला ‘पीआयआर’ म्हणतात. बॅगेचा टॅग, बोर्डिंग पास आणि तुटक्या जागेचा फोटो सोबत हवा. १९९९च्या मॉन्ट्रियल करारानुसार नोंदणीकृत सामानाचं नुकसान विमान कंपनीच्या ताब्यात असताना झालं, तर जबाबदारी तिची. नुकसान बॅगेतल्या मूळ दोषामुळे झालं असेल, तर तेवढ्यापुरती तिला सूट मिळते. भारत २००९ पासून या करारात आहे. सामान मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार केली नाही, तर दावा जवळजवळ संपतो. विमानतळावर नोंद राहून गेली तरी सात दिवसांच्या आत लिहिलेली तक्रार चालते, फक्त मोडतोड घरी झाली नाही हे पटवणं अवघड जातं. देशांतर्गत प्रवासात भरपाईची मर्यादा वेगळी आणि बरीच कमी असते. भरपाईत बॅग किती जुनी हेही धरलं जातं, त्यामुळे खरेदीचं बिल लागतंच. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पुसट होतं, त्याचा फोटो पहिल्याच दिवशी काढलेला बरा.

उत्पादकाने खरा दोष नाकारला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही भागलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. चार हजारांच्या बॅगेसाठी इतकं फारसं कुणी करत नाही, हेही खरं.

त्यापेक्षा पुढची बॅग घेताना दुकानातच अस्तराची चेन उघडून चाकाची बैठक पाहावी. ती स्क्रूने बसवली असेल तर घरबसल्या नवं चाक लावता येतं. रिव्हेट ठोकलेली असेल तर ड्रिलने तो कापून काढावा लागतो, आणि ते काम प्रत्येक दुरुस्तीवाला घेत नाही.