समोर कोणीच नव्हतं, मग आभार कुणाचे मानायचे?

एकतर्फी व्हिडिओ मुलाखतीत उमेदवार फक्त लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशी बोलतो. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचार करायला ३० सेकंद किंवा मिनिटभर मिळतं आणि मग दोन-तीन मिनिटांत उत्तर संपवायचं असतं. काही कंपन्या उत्तर पुन्हा रेकॉर्ड करू देतात, काही देत नाहीत. शेवटी ‘सबमिट’ दाबलं की ‘धन्यवाद’ अशी पाटी येते आणि सगळं शांत. अमेरिकेतल्या युटा राज्यात २००४ साली निघालेली हायरव्ह्यू ही कंपनी या धंद्यातली जुनी. सुरुवातीला ती उमेदवारांना वेबकॅम घरपोच पाठवत असे. आता पुण्या-मुंबईतल्या नव्या पदवीधरांनाही ही पद्धत नवीन राहिलेली नाही.

नेहमीच्या मुलाखतीनंतर दुसऱ्या दिवशी आभाराचं पत्र पाठवायचा सल्ला सगळेच देतात. ते पत्र झालेल्या संभाषणावर उभं असतं. अमुक मुद्द्यावर आपण बोललो, ते ऐकून या कामाबद्दलची माझी उत्सुकता वाढली, अशा धर्तीचं. इथे संभाषणच झालेलं नाही. तरीही तोच साचा वापरून ‘आपण दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहे’ असं लिहिणारे खूप आहेत. ज्यांनी अजून एक मिनिटही दिलेलं नाही, त्यांना ते वाचून काय वाटत असेल!

आधी पलीकडे काय चालतं ते पाहू. बहुतेक ठिकाणी रेकॉर्डिंगला ठरलेली मुदत असते, चार-पाच दिवसांची किंवा आठवड्याची. अनेक कंपन्यांत रिक्रूटर मुदत संपेपर्यंत थांबतो आणि मग सगळे व्हिडिओ एका बैठकीत बघायला घेतो. शेजारी ठरलेले निकष असतात, प्रत्येक उत्तरापुढे गुण किंवा तारे द्यायचे असतात. बरी वाटलेली रेकॉर्डिंग तो विभागप्रमुखाकडे पाठवतो. म्हणजे तुम्ही पहिल्याच दिवशी मुलाखत दिली असेल, तर ती आठवडाभर कुणी उघडलेलीही नसण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून दिवस मोजायचे ते आपल्या रेकॉर्डिंगपासून नव्हे, मुदतीच्या तारखेपासून. मुदतीनंतर पाच ते सात कामाचे दिवस गेले की चौकशी करण्यात काहीच वावगं नाही. त्याआधी विचारलं तर खरं उत्तर ‘अजून पाहिलं नाही’ एवढंच असतं, आणि ते कुणी लिहून कळवत नाही.

पत्र जायचं कुणाला? मुलाखतीची लिंक बहुधा ‘नो-रिप्लाय’ पत्त्यावरून येते. तिथे लिहिलेलं कुणी वाचत नाही. त्या मेलच्या तळाशी किंवा अर्जाच्या आधीच्या पत्रव्यवहारात एखाद्या रिक्रूटरचं नाव सापडतं, त्याच माणसाला लिहायचं. व्हिडिओच्या सॉफ्टवेअरची मदतवाहिनी वेगळी. ती तांत्रिक अडचणींपुरती असते, निवडीतलं तिला काही ठाऊक नसतं. मुलाखत कॉलेजच्या कॅम्पसमधून आली असेल तर वाट प्लेसमेंट ऑफिसरकडून जाते. परस्पर कंपनीला लिहिलेलं कॉलेजला आवडत नाही, आणि वर्गातल्या चाळीस जणांनी एकाच रिक्रूटरला मेल टाकला तर त्यालाही आवडणार नाही.

समजा, नाशिकची एक वाणिज्य पदवीधर मुलगी एका बँकेच्या ग्राहकसेवा विभागासाठी अशी मुलाखत देते. तिसऱ्या उत्तरात घड्याळ तिला मध्येच तोडतं. चौथ्यात ती घाईत इंटर्नशिपचं वर्ष चुकीचं सांगते. तिचं पत्र प्रत्यक्षात इंग्रजीत जाईल, पण त्यातला मजकूर असा असावा :

‘ग्राहकसेवा पदासाठीची माझी रेकॉर्डेड मुलाखत मी मंगळवारी पूर्ण केली आणि ती जमा झाल्याची मेलही मिळाली. तिसऱ्या प्रश्नात वेळ संपल्यामुळे प्रसंगाचा शेवट सांगायचा राहिला. त्या ग्राहकाच्या खात्यातून दोनदा कापले गेलेले पैसे चार दिवसांत परत मिळाले, आणि तेव्हापासून आम्ही दिवसाच्या नोंदी रोज संध्याकाळी जुळवू लागलो. चौथ्या उत्तरात मी इंटर्नशिपचं वर्ष २०२३ म्हणाले. ते २०२४ आहे, रेझ्युमेत बरोबर दिलं आहे. या विभागात पाळ्या बदलत्या असतात का, हे मला विचारायचं होतं. पुढच्या फेरीचा अंदाज कळवलात तर बरं होईल.’

विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि अर्ज क्रमांक, बस. यातलं वर्षाचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. नोकरी पक्की होताना होणाऱ्या पडताळणीत रेझ्युमे आणि बोलणं यांतली तफावत निघाली तर ती खोटेपणा वाटू शकते. आधीच कळवलेली तफावत चूक म्हणून सुटते. ही दुरुस्ती मात्र मुदतीनंतर आठवडाभर थांबून पाठवायची नाही, दुसऱ्याच दिवशी पाठवायची. व्हिडिओ पाहिला जाण्याआधी ती पोचलेली बरी. राहिलेला शेवट दोन वाक्यांत आला, पूर्ण उत्तर नव्याने लिहिलं नाही, हेही पाहा. पाचही उत्तरं सुधारून दोन पानं धाडली तर इतर उमेदवारांना न मिळालेली जादा संधी मागितल्यासारखं होतं, आणि सर्वांना सारखाच वेळ मिळावा म्हणून तर कंपनीने हा खटाटोप केलेला असतो. प्रश्न मात्र जरूर विचारावा. समोरासमोरच्या मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं म्हणतात, ती जागा इथे कापली गेलेली असते.

या पत्राने गुण वाढतात का? बहुधा नाही. गुण देणारा रेकॉर्डिंग पाहून देतो आणि मेल रिक्रूटरच्या पेटीत पडलेली असते. उत्तरांना सॉफ्टवेअर गुण देत असेल तर पत्र तिथवर पोचतही नाही.

तांत्रिक घोटाळ्याची गोष्ट निराळी. शेवटचं उत्तर अपलोड होताना वीज गेली, आवाज रेकॉर्ड झालाच नाही किंवा जमा झाल्याची मेल आली नाही, तर आठवडा थांबायचं नाही, तासाभरात कळवायचं. मदतवाहिनीला वेळ, ब्राउझरचं नाव आणि पडद्याचा फोटो पाठवायचा. रिक्रूटरला त्याच वेळी दोन ओळी. दोघांनाही, कारण बिघाड मदतवाहिनी तपासते, पण मुलाखत पुन्हा खुली करायची परवानगी सहसा कंपनीच देते. मुदत उलटून गेल्यावर हेच सांगितलं तर सबबीसारखं वाटतं.

चौकशीला उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी आणखी एकदा विचारावं. तिसरं पत्र नको. अनेकदा मेलवर मौन असतं, पण अर्ज केला त्या संकेतस्थळावरच्या खात्यात स्थिती बदललेली असते; ते कुणी उघडून बघत नाही.

नकारानंतरही एक वाट उरते, ती देशानुसार बदलते. ब्रिटनमध्ये शिकून तिथल्याच कंपन्यांत अर्ज करणारी मराठी मुलं थोडी नाहीत. तिथल्या माहिती-संरक्षण कायद्याने उमेदवाराला स्वतःबद्दलची नोंद मागता येते, त्यात मुलाखतीवर लिहिलेली टिपणं आणि गुणही येतात, आणि सहसा महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १ जानेवारी २०२० पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे, व्हिडिओचं विश्लेषण कृत्रिम बुद्धिमत्तेने होणार असेल तर कंपनीने ते आधी सांगून संमती घ्यायची असते, आणि उमेदवाराने मागणी केली की ३० दिवसांत व्हिडिओ पुसायचा असतो. चेहऱ्यावरच्या हावभावांचं विश्लेषण बंद केल्याचं हायरव्ह्यूने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं, तेही बरीच टीका झाल्यावर. व्हिडिओ पुसायची मागणी निकाल लागल्यावरच करावी. निवड चालू असताना ती केली तर अर्जच मागे घेतल्यासारखं होईल.