शिजवलेल्या भात-वरणाची सुरक्षित साठवण (धाराशिव जिल्हा)

मोठ्या प्रमाणावर शिजवलेला भात आणि वरण खाणाऱ्याच्या ताटात पडेपर्यंत गरम ठेवणे, उरल्यास लवकर थंड करणे आणि पुन्हा वापरताना पुरेसे तापवणे, या तीन क्रियांवर पंगतीतील अन्नाची सुरक्षितता अवलंबून असते. धाराशिव जिल्ह्यात (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) अखंड हरिनाम सप्ताहातील काल्याचा महाप्रसाद, तुळजापूर व येरमाळा येथील यात्रांच्या काळातील अन्नदान, लग्नसमारंभ आणि शाळांतील पोषण आहार अशा प्रसंगी एका वेळी शेकडो माणसांचा स्वयंपाक होतो. येथील चैत्र-वैशाखात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यामुळे शीतकपाट नसलेल्या ठिकाणी अन्न नुसते उघड्यावर ठेवून सुरक्षितपणे थंड करता येत नाही.

## उकळल्यानंतरही धोका का राहतो

तांदूळ, डाळी आणि मसाल्यांमध्ये मातीतून आलेले काही जिवाणू बीजाणूंच्या रूपात असतात. बीजाणू म्हणजे जिवाणूची जाड कवचाची सुप्तावस्था होय. उकळत्या पाण्यात इतर बहुतेक जिवाणू मरतात, पण बीजाणूंपैकी काही टिकून राहतात. अन्न कोमट झाले की ते रुजतात व वाढू लागतात. म्हणून ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा पट्टा धोक्याचा मानला जातो.

भातात प्रामुख्याने *बॅसिलस सेरेअस* या जिवाणूचा धोका असतो. कोमट भातात वाढताना त्याचे काही प्रकार सेरेउलाइड नावाचे विष तयार करतात. हे विष उष्णतेने नष्ट होत नाही, भात पुन्हा वाफवला किंवा फोडणीला टाकला तरी ते तसेच राहते. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उपाहारगृहांतील परतलेल्या भातामुळे उलट्यांच्या साथी उद्भवल्या. तेथे उकडलेला भात रात्रभर स्वयंपाकघरातच ठेवून दुसऱ्या दिवशी थोडा वेळ परतला जात असे. त्या साथींच्या तपासातून या विषबाधेचे स्वरूप स्पष्ट झाले.

वरण, आमटी किंवा रस्सा यांसारख्या दाट पदार्थांत *क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स* या जिवाणूचाही धोका असतो. त्याला हवेतील ऑक्सिजन मानवत नाही आणि उकळलेल्या हंड्याच्या तळाशी ऑक्सिजन फार कमी उरतो. सुमारे ४३ ते ४७ अंशांवर तो सर्वांत वेगाने वाढतो. अनुकूल स्थितीत त्याची संख्या साधारण १० मिनिटांत दुप्पट होते. एका ग्रॅममध्ये १० जिवाणू असतील, तर वाढ सुरू झाल्यावर तीन तासांत १८ वेळा दुप्पट होऊन ती संख्या २६ लाखांच्या पुढे जाते. आजार होण्यास एवढी संख्या पुरेशी असते. उन्हाळ्यात मांडवात ठेवलेला हंडा नेमका याच तापमानात तासन्‌तास राहतो.

दोन्ही बाबतीत अन्नाचा वास, रंग वा चव बदलेलच असे नाही. त्यामुळे आचाऱ्याने चाखून दिलेला निर्वाळा पुरेसा ठरत नाही.

## गरम ठेवणे

वाढण्यापूर्वी अन्नाचा मध्यभाग ६० अंशांच्या वर ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. वरणाचा हंडा मंद आचेवर ठेवून अधूनमधून तळापासून ढवळावा लागतो, अन्यथा तळ करपतो आणि वरचा थर मात्र निवतो. भाताचे भांडे झाकून निखाऱ्यांवर किंवा उकळत्या पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवता येते. उष्णतारोधक डबा वापरायचा असल्यास तो आधी उकळत्या पाण्याने गरम करून घ्यावा आणि त्यात वाफाळता भात काठोकाठ भरावा. डबा उष्णता निर्माण करत नाही, केवळ ती बाहेर पडण्याचा वेग कमी करतो. म्हणून दर तासाला अन्नाच्या मध्यभागी तापमापक खुपसून तपासणी करावी लागते.

पंगती लांबणार असतील तर सर्व भात एकदम न शिजवता टप्प्याटप्प्याने शिजवणे अधिक सुरक्षित असते. शिल्लक राहिलेला भात नव्या भातात मिसळू नये.

## थंड करणे

उरलेले अन्न ठेवायचे असेल तर ते धोक्याच्या पट्ट्यातून लवकर पार व्हावे लागते. सामूहिक स्वयंपाकासाठीच्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार अन्नाचा मध्यभाग ६० अंशांवरून १० अंशांपर्यंत दोन तासांच्या आत उतरावा.

उदाहरणार्थ, १० किलो तांदळाचा साधारण २५ किलो भात होतो. पातेल्यात त्याचा थर ३० सेंटिमीटर खोल असेल, तर मधली उष्णता बाहेर पडण्यास फार वेळ लागतो. घट्ट पदार्थ निवण्याचा काळ ढोबळमानाने खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे थर सहापट जाड असेल तर सुमारे ३६ पट वेळ लागतो. हाच भात ६० सेंटिमीटर व्यासाच्या तीन परातींत सुमारे ५ सेंटिमीटर थराने पसरला तर तो लवकर निवतो. वाफ गेल्यावर पराती लगेच शीतकपाटात ठेवाव्या लागतात, कारण बाहेरची हवा ४० अंशांची असताना पंख्याखालीही भात त्याहून फारसा थंड होत नाही.

वरणासाठी बर्फाचा उपयोग होतो. वरण मुद्दाम घट्ट करून, राहिलेल्या पाण्याऐवजी पिण्याच्या पाण्याचा बर्फ घालतात. ९० अंशांच्या ३० लिटर वरणात १० किलो बर्फ पूर्ण विरघळल्यास तापमान ४७ अंशांच्या आसपास येते. ही पातळी जिवाणूंना सर्वाधिक मानवणारी असल्याने येथे थांबणे धोक्याचे असते. वरण लगेच लहान, उथळ भांड्यांत ओतून ती भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवावी, ढवळत राहावे आणि नंतर शीतकपाटात ५ अंशांखाली न्यावी. औद्योगिक वापराचा निळा बर्फ अन्नात घालू नये. हौदातील साधे पाणी उन्हाळ्यात ३० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे केवळ त्यात हंडा ठेवून वरण पुरेसे थंड होत नाही.

शीतकपाट व बर्फ दोन्ही उपलब्ध नसतील, तर अन्न साठवण्याचा प्रयत्न न करता ते गरम असतानाच वाढून संपवावे.

## पुन्हा गरम करणे

थंड साठवलेले अन्न तासाभरात मध्यभागी किमान ७५ अंशांपर्यंत तापवावे लागते. वरण ढवळत खळखळून उकळावे, तर भात थोडा थोडा घेऊन वाफवावा. कडेने बुडबुडे येणे पुरेसे नाही. साठवलेला भात दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा व एकापेक्षा जास्त वेळा गरम करू नये. ही क्रिया जिवंत जिवाणू मारते, परंतु आधी तयार झालेले सेरेउलाइड काढून टाकत नाही. म्हणून दुपारचा मांडवात राहिलेला भात रात्री कितीही वाफवला तरी सुरक्षित होत नाही, तो टाकून द्यावा लागतो.

## विषबाधा झाल्यास

लक्षणे सुरू होण्याच्या वेळेवरून कारणाचा अंदाज बांधता येतो. जेवणानंतर साधारण १ ते ५ तासांत उलट्या सुरू झाल्यास सेरेउलाइडची शक्यता असते. ८ ते १६ तासांनी पोटात कळा व जुलाब सुरू झाल्यास परफ्रिन्जेन्स किंवा *बॅसिलस सेरेअस*च्या जुलाबकारक प्रकाराची शक्यता असते. पाण्याची तूट भरून काढण्यासाठी जलसंजीवनी देतात. लहान मुले, वृद्ध, गर्भवती, तसेच सतत उलट्या होणारे किंवा ग्लानी आलेले रुग्ण यांना तातडीने प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणे आवश्यक असते. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. शिल्लक अन्न वाढणे तत्काळ थांबवून त्याचा थोडा नमुना स्वच्छ, झाकलेल्या डब्यात थंड जागी तपासणीसाठी राखून ठेवावा.