जोडीचे टायर जोडीनेच चालले पाहिजेत



कांद्याची गाडी भरून वाशीच्या बाजाराकडे पाठवताना आपण भाव विचारतो, गोण्या मोजतो, ताडपत्री घट्ट आवळतो. मागच्या चाकांकडे मात्र ड्रायव्हर टॉमी घेऊन जातो, चार ठिकाणी ठोके मारतो आणि "हवा बरोबर आहे" असे सांगतो. त्या ठोक्यावर आपण निर्धास्त राहतो. अलीकडे बरेच शेतकरी भावाभावांत मिळून ट्रक घेतात. त्यांच्यासाठी आज या मागच्या जोडीच्या टायरांबद्दल लिहितो आहे.

निफाड तालुक्यातल्या तीन भावांची ही हकिगत आहे. त्यांच्या ट्रकचा मागचा एक टायर गेला म्हणून त्यांनी नवा कोरा टायर आणला आणि दुकानदाराने तो बाहेरच्या बाजूला चढवून दिला. आतला जुनाच राहिला. तिसऱ्या खेपेला कसारा घाट उतरून गाडी चहाला थांबली, तेव्हा नव्या टायरला हात लावला तर चटका बसला. आतला जुना मात्र त्या मानाने कोमट होता. "नवा आहे, सुरुवातीला तापतो," असे म्हणून गाडी पुढे निघाली. महापे ओलांडण्याआधीच नव्या टायरची कड सुटली आणि नक्षीचा पट्टा सोलून निघाला. चाक बदलून कांदा-बटाटा बाजारात पोचेपर्यंत सकाळची खरेदी उरकली होती. उरलेला माल पडत्या भावाने द्यावा लागला.

थोरला भाऊ चिडला. टायरच खोटा निघाला, आता दुकानदाराला धरतो, असे त्याचे म्हणणे. तुर्भ्याला ट्रक उभे राहतात तिथल्या एका जुन्या टायरवाल्याने त्याला थांबवले. त्याने पट्टी लावून दोन्ही टायरांची नक्षी मोजली. नव्याची जिथे शाबूत होती तिथे खोली 16 मिलिमीटर भरली, आतल्या जुन्याची 8. मग आतल्या टायरची हवा पाहिली तर ती 90 पौंड. नव्यात मात्र 110 भरलेली होती. "टायर खोटा नाही, जोडी खोटी आहे," असे तो म्हणाला.

त्याचे म्हणणे कसे खरे होते ते पाहू. मागचे दोन टायर एकाच हबवर बोल्टांनी आवळलेले असतात, त्यामुळे दोघांचे फेरे सारखेच पडतात. नक्षी दोन्ही बाजूंनी झिजते. म्हणून खोलीत 8 मिलिमीटरचा फरक असेल तर व्यासात दुप्पट, म्हणजे 16 मिलिमीटरचा फरक पडतो आणि घेरात सुमारे 50 मिलिमीटरचा. या मापाचे चाक एका किलोमीटरला साधारण 300 फेरे घेते. मोठा टायर प्रत्येक फेऱ्याला 50 मिलिमीटर जास्त जमीन कापू पाहतो, म्हणजे किलोमीटरला 15 मीटर. लासलगावापासून वाशीपर्यंतचे अंतर सव्वादोनशे किलोमीटर धरले, तर सव्वातीन किलोमीटरहून जास्त फरक झाला. थोडाफार रबर दबून सोसतो, पण उरलेला फरक घासूनच भरून निघतो. दोन बैलांपैकी एकाची चाल लांब आणि एकाची आखूड असली, तर जू एकच असल्याने दुसरा ओढला जातो, तसेच हे आहे. लहान टायरची नक्षी अशी फरफटत, वेडीवाकडी झिजते.

मोठ्या टायरचे दुखणे वेगळे असते. तो आधी जमिनीला टेकतो, म्हणून जोडीचे बरेचसे ओझे त्याच्यावर येते. ओझ्याने त्याची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा फुगते. तार पुन्हापुन्हा वाकवली की गरम होते, तसाच रबर आतून तापतो. उष्णता साठत गेली की नक्षीचा पट्टा खालच्या थरापासून सुटतो. या गाडीत आतल्या टायरची हवाही कमी होती. कमी हवेचा टायर आपले ओझे शेजाऱ्यावर टाकतो, त्यामुळे नव्या टायरवर दोन्हीकडून भार आला. मापाने दोन्ही सारखे असते आणि फक्त हवेचा फरक असता, तर कमी हवेचाच टायर जास्त दबून तापला असता. आतल्या टायरला वाराही कमी लागतो, म्हणून तिथे धोका अधिक असतो.

यावर उपाय माप घेण्याचा आहे. दोन्ही चाके खाली काढा, सारखी हवा भरा आणि टायर थंड असताना नक्षीच्या मधोमध पोलादी फीत गुंडाळून घेर मोजा. 9.00-20 आणि त्याहून मोठ्या टायरांत जोडीच्या घेरातला फरक 38 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. 8.25-20 किंवा त्याहून लहान टायर असतील तर 19 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. या मर्यादेतही थोडा फरक राहिलाच, तर लहान टायर आत आणि मोठा बाहेर घाला. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे आतला टायर उंच जागी चालतो. रेडियल आणि नायलॉन यांची जोडी कधीही लावू नका. रिमोल्ड केलेल्या टायरचे मापही फीत लावूनच ठरवा, त्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका.

नवे टायर शक्यतो दोन एकदम घ्या आणि एकाच बाजूच्या जोडीत घाला. दोन जुने मापाने जुळवून दुसऱ्या बाजूला लावा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या मापातला थोडा फरक डिफरन्शियल सांभाळून घेते, पण एकाच हबवरच्या दोन टायरांमध्ये तसे सांभाळणारे काही नसते. स्टेपनीचे मापही लिहून ठेवा, कारण रस्त्यात तीच जोडीला लावायची असते.

हवा मोजायची ती गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर, मीटर लावून. टॉमीच्या ठोक्यावरून सपाट टायर ओळखता येतो, 20 पौंडांचा फरक ओळखता येत नाही. दोघांतला फरक 5 पौंडांच्या आत ठेवा. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला हात पोचत नाही म्हणून तो महिनोन्महिने तसाच राहतो. लांब नळी बसवून घेतली की ही सबब उरत नाही. गाडी चालून टायर तापला की हवा 10-15 पौंडांनी वाढलेली दिसते. ती सोडू नका, नाहीतर थंड झाल्यावर कमी पडेल.

एक गोष्ट मात्र जिवाशी गाठ घालणारी आहे. ठरलेल्या हवेच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त हवा कमी झालेला टायर, म्हणजे 110 पौंडांच्या जागी 88 च्या खाली आलेला, चालला असेल तर तो आतून फाटलेला असू शकतो. त्याला गाडीवरच हवा मारू नका. काढून, आतून तपासून मगच पिंजऱ्यात ठेवून हवा भरवा आणि भरताना लॉक रिंगच्या समोर कोणालाही, विशेषतः पोरांना, उभे राहू देऊ नका.

त्या तिघा भावांनी पुढे दोन नवे टायर जोडीने घेतले. आता घाट उतरल्यावर थोरला भाऊ स्वतः जोडीच्या दोन्ही टायरांना हाताची पाठ लावून पाहतो. दोन्ही सारखे कोमट लागले की गाडी पुढे निघते आणि एकच तापलेला वाटला की मीटर बाहेर निघतो.