कानाला लावलेला व्हिडिओ कॉल

लक्ष्मण देशपांडे रंगमंचावर एकटेच उभे राहायचे आणि एका खेड्यातलं अख्खं वऱ्हाड लंडनला घेऊन जायचे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात ते ५२ पात्रं उभी करत. या माणसांना लंडन कळत नाही म्हणून लोक हसतात, असं वरवर वाटतं. पण ती माणसं लंडनलाही आपल्या गावच्याच रीतीने वागतात, ती रीत प्रेक्षकांच्या पुरती ओळखीची असते आणि म्हणूनच हसू येतं. गावात जे वागणं शहाणपणाचं, तेच परक्या जागी विसंगत ठरतं. परक्या मुलखात सापडलेल्या माणसाच्या विनोदाचं मूळ इथे आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ याने १९०० मध्ये हास्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात नेमाने जगणाऱ्या एका माणसाचं उदाहरण आहे. कोणीतरी खोडी काढून त्याच्या टेबलावरच्या वस्तू बदलतं. तो सवयीने टाक दौतीत बुडवतो, तर वर चिखल येतो. सवयीने खुर्चीवर बसायला जातो आणि खाली आपटतो. परिस्थिती बदलली, सवय मात्र आपल्या वेगाने पुढे चालत राहिली. बर्गसाँच्या मते हसू येतं ते या ताठरपणाला. त्याचं आणखी एक म्हणणं होतं, की हसण्यासाठी क्षणभर मन बधिर व्हावं लागतं, माया आड आली की हसू विरतं. पहिली गोष्ट अगदी खरी आहे. दुसरी खरी आहे का, हे पाहायला आपल्याकडे आता घरोघरी घडणारा एक प्रसंग उपयोगी पडतो. तो इथे रचून मांडला आहे.

देवरूखजवळचं एक घर. आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या. नात जर्मनीत, म्यूनिकला. मुलाने नवा फोन आणून दिलाय आणि शेजारची नववीतली जुई शिकवायला बसलीय.

“आजी, मनूताईच्या नावावर बोट लावा. नुसतं लावा.”

आजींनी बोट रोवलं आणि तसंच धरून ठेवलं. मनूच्या फोटोवर बरोबरची खूण उमटली.

“लागला!” आजी म्हणाल्या.

“नाही लागला. तुम्ही दाबून धरलंत. टिचकी मारल्यासारखं करा.”

तिसऱ्या खेपेला जुईनेच कॅमेऱ्याचं चित्र दाबलं. घंटी वाजू लागली. आजींनी लगबगीने फोन कानाला लावला.

“हॅलोऽऽ! मनू! ऐकू येतंय का गोऽऽ?”

“आजी, ओरडू नकोस, ऐकू येतंय. मला तुझी कुडी दिसतेय!”

“कुडी?” आजींचा हात कानाकडे गेला. “बरी आहे की. तुझ्या आजोबांनी केलेली. तुला कुठून दिसली?”

जुईने फोन कानापासून काढून समोर धरला. मोठ्या चौकटीत मनू, कोपऱ्यातल्या लहान चौकटीत आजी स्वतः. त्यांनी आधी त्या लहान चौकटीत पाहून पदर सारखा केला, मग नीट दिसेना म्हणून फोन जवळ ओढला. म्यूनिकला आता कपाळ, कुंकू आणि वरची कौलं दिसत होती.

“बरी आहेस ना? जेवलीस? मग ठेवते. उगाच बिल वाढेल.”

“आजी, थांब! बिल येत नाही. माझी उकड बिघडलीय, मोदकांची पारी फाटतेय.”

आजी थांबल्या. “पीठ कुठलं?”

“इथल्या दुकानातलं, तांदळाचं.”

“मग ते पाणी जास्त ओढणार. फोन खाली धर, मला परातीत बघू दे. आणखी खाली. हां. बघ, कोरडी राहिलीय. कोमट पाण्याचा हात लावून मळ. गार झाली असेल तर आधी वाफ दे. अगो, दोन्ही हातांनी मळ!”

“दोन्ही हातांनी कशी मळू? फोन धरलाय ना!”

“तो ठेव डब्याला टेकवून,” आजी म्हणाल्या आणि त्यांनी आपलाही फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला.

आता हे कसं घडलं ते पाहू. आजींची एकही चूक मूर्खपणाची नाही. बोट रोवून धरणं घ्या. बटणांच्या जुन्या फोनवर, किंवा टीव्हीच्या झिजलेल्या रिमोटवर, बटण जोरात दाबूनच काम होतं. नव्या फोनच्या काचेला दाब कळत नाही. बोट लागल्यावर काचेखालच्या विद्युतभारात होणारा बदल तिला कळतो. म्हणून जोर वाया जातो, आणि वेळ मात्र मोजला जातो. साधारण अर्धा सेकंद बोट तसंच राहिलं की फोन त्याला वेगळी आज्ञा समजतो आणि उघडायच्या नावावर खूण करून बसतो. म्हाताऱ्या माणसांची बोटं कोरडी असतात, त्यामुळे पहिल्या स्पर्शाची दखल कधी घेतलीच जात नाही. मग माणूस आणखी जोरात, आणखी वेळ दाबतो. मेहनत वाढते तशी चूक वाढते, आणि रंगमंचावर किंवा कथेत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा हशा मिळवून देते.

ओरडण्याचंही तसंच. भारतात मधल्या ऑपरेटरशिवाय परगावी थेट फोन लागू लागला तो १९६० मध्ये, लखनौ आणि कानपूरदरम्यान. ती सोय गावोगाव पोचायला पुढे बरीच वर्षं लागली. तोवर ट्रंक कॉल नोंदवायचा आणि तो लागेपर्यंत ताटकळत बसायचं. खरखरीतून बोलायचं असल्यामुळे माणूस जितका लांब तितका आवाज मोठा, हा अनुभवाने शिकलेला नियम होता. कॉलची आकारणी तीन-तीन मिनिटांच्या हिशोबाने व्हायची. पुढे पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथं आली. तिथे डोळ्यांसमोर मीटरचे लाल आकडे पळत. स्वस्त दरासाठी लोक रात्री उशिरा रांग लावायचे. ज्या बाईने असे फोन केलेत ती “बरी आहेस ना, जेवलीस का, ठेवते” हे तीन प्रश्नोत्तरांचं संभाषण तोंडपाठ करूनच बसते. भारतात स्वस्त इंटरनेटची लाट २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला. उभ्या आयुष्याची काटकसर एवढ्या अलीकडच्या सोयीपुढे सहजासहजी मोडणार नाही.

फोन कानाला लावणं ही तर सगळ्यात समजण्याजोगी सवय. साध्या कॉलच्या वेळी फोन कानाजवळ नेला की जवळची वस्तू ओळखणारा एक संवेदक पडदा विझवतो, म्हणजे गालाने बटणं दाबली जाऊ नयेत. व्हिडिओ कॉलमध्ये पडदा पाहायचाच असल्यामुळे तो चालू राहतो आणि समोरच्याला कान दिसतो. कधी गालानेच आवाज बंद होतो, मग पलीकडचे लोक हातवारे करत बसतात. प्रसंग लिहिणाऱ्याने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नुसता कान दिसणं ही गंमत एका वाक्यात संपते. कुडी दिसली की कानामागचं आयुष्यही दिसतं. नातीने मस्करीत म्हटलेलं आजींनी चौकशी समजून खरंखुरं उत्तर दिलं, आणि आजोबा न बोलावता प्रसंगात आले.

याच्या उलट एक खोटा विनोद वरचेवर पाहायला मिळतो. आजी फोनच्या मागे वाकून नात कुठे बसलीय ते शोधते, किंवा पडद्याला लाडू भरवते. हे मुळीच पटत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९८७ पासून ‘रामायण’ मालिका पाहायला घरात गल्ली गोळा व्हायची. आज पंचाहत्तरीची असलेली बाई तेव्हा पस्तिशी-चाळिशीत होती. पेटीतलं माणूस पेटीत नसतं, हे तिला तेव्हापासून माहीत आहे. पात्राची चूक पाहून ‘हे ती कुठे शिकली असेल’ असा प्रश्न विचारावा. उत्तर मिळालं तर विनोद खरा. मिळालं नाही, तर लेखकाने पात्राला हसण्यासाठी वेडं केलंय असं समजावं.

खरी मजा पुढच्या टप्प्यात, अर्धंमुर्धं शिकल्यावर येते. बर्नार्ड शॉच्या १९१३ च्या ‘पिग्मॅलियन’मधली फूलवाली उच्चवर्गीय घरात पहिल्यांदा बोलते तेव्हा तिचे उच्चार निर्दोष असतात, पण विषय तिच्या वस्तीतलेच राहतात. मावशीच्या संशयास्पद मृत्यूची हकिगत ती शुद्ध उच्चारांत ऐकवते. पु. ल. देशपांड्यांनी १९७५ मध्ये याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आणलं. एक नियम बदलला, बाकीचे तसेच राहिले, म्हणून गोंधळ पहिल्यापेक्षा मोठा झाला. आजींच्या बाबतीत हा टप्पा दुसऱ्या दिवशी येईल. गॅस एजन्सीतून साधा फोन येईल तेव्हा त्या पदर सारखा करून, फोन हातभर लांब धरून, हसऱ्या चेहऱ्याने सिलिंडरचा नंबर सांगतील.

हा प्रसंग हसवणार की रडवणार, हे बरंचसं समोरच्या माणसावर ठरतं. गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ या २०१२ च्या चित्रपटात पुण्याची शशी गोडबोले न्यूयॉर्कच्या कॉफीच्या दुकानात उभी असते. काउंटरवरची बाई एकामागून एक प्रश्न फेकते, मागची रांग ताटकळते आणि शशी घाबरून बाहेर पळते. तिचं काही चुकतंय असं नाही. तिला दोन मिनिटं कोणी दिली असती, तर हाच प्रसंग हसरा झाला असता. आजींना जुई मिळाली आणि मनू मिळाली. दोघी हसतात, पण फोन हिसकावून घेत नाहीत.

म्हणून बर्गसाँची दुसरी गोष्ट इथे टिकत नाही. आजींना हसताना कोणाचं मन बधिर होत नाही. उलट त्या कुठून आल्या हे जितकं माहीत असेल तितकं हसू मोठं होतं.

मोदकाची पारी फाटल्यावर तर पारडं फिरतं. तोवर आजी परक्या मुलखात होत्या. उकड निघाली आणि परकी झाली मनू. कॅमेरा कशासाठी असतो हे जुईने शिकवून आजींना उमगलं नव्हतं, परातीत पाहायची गरज पडली तेव्हा ते एका क्षणात उमगलं. डब्याचा टेकू तर त्यांनीच शोधला. विनोदी प्रसंगातलं पात्र असं आपल्या विषयावर येऊन उभं राहिलं, की प्रेक्षकांनी आधी केलेलं हसणं त्यांना स्वतःला खटकत नाही.

असा प्रसंग कोणाला लिहायचा किंवा गणेशोत्सवात बसवायचा असेल, तर फोनमधल्या खाणाखुणांची यादी करण्याआधी घरातल्या आजीजवळ बसावं. तिने पहिला फोन कुठून केला, किती वेळ थांबली, किती पैसे पडले आणि काय बोलली, हे तिलाच विचारावं.