स्लाइडमधून सुटलेला धडा

प्रोग्रॅमिंगच्या वर्गात पडद्यावर दिसते ती स्लाइड म्हणजे शिकवण्याचा निम्माच भाग. उरलेला निम्मा शिक्षक तोंडी सांगतात, फळ्यावर लिहितात किंवा कुणी हात वर केला की समजावतात. घरी एकट्याने वाचणाऱ्यासाठी लेखी पाठ करायचा, तर हा दुसरा निम्मा भाग कागदावर आणावा लागतो. पायथन शिकवताना हमखास येणारी एक स्लाइड घेऊ. विषय गुणांची सरासरी. खाली ‘बेरीज साठवणारा व्हेरिएबल’ एवढाच मुद्दा आणि हा कोड:

```python
total = 0
for m in marks:
    total = total + m
print(total / len(marks))
```

पहिलं काम म्हणजे हा कोड स्लाइडवरून उचलून कोऱ्या फाइलमध्ये चालवणं. तो लगेच अडतो: `NameError: name 'marks' is not defined`. गुणांची यादी आधीच्या स्लाइडवर होती. वर्गात ती सगळ्यांच्या लक्षात होती, वाचकाला ती माहीतच नाही. म्हणून `marks = [60, 75, 45]` ही ओळ सुरुवातीला जोडायची. कोडमध्ये अवतरणचिन्हं असतील तर आणखी एक अडचण येते. पॉवरपॉइंट सरळ चिन्हांची वळणदार चिन्हं करून टाकतं आणि पायथन ती स्वीकारत नाही. पाठातला प्रत्येक कोड म्हणूनच चालवून पाहिलेल्या फाइलमधून घ्यावा.

आता स्पष्टीकरण. ‘total मध्ये m मिळवा’ असं लिहिलं तर तो कोडचा नुसता उच्चार होतो. नवशिक्याला वेगळंच विचारायचं असतं: `=` च्या दोन्ही बाजूंना `total` कसा? इथे सांगायला हवं की पायथन आधी उजवी बाजू मोजतो आणि आलेलं उत्तर डावीकडच्या नावाला देतो. मग प्रत्येक फेरी लिहून दाखवायची. पहिल्या फेरीत `m` म्हणजे `60`, `total` होतो `60`. दुसऱ्या फेरीत `m` म्हणजे `75`, `total` होतो `135`. तिसऱ्या फेरीत `m` म्हणजे `45`, `total` होतो `180`. लूप संपल्यावर भागाकार होतो आणि `60.0` छापलं जातं. हेच आकडे शिक्षक फळ्यावर लिहीत असतात, पण स्लाइडवर ते कधीच नसतात.

यानंतर चुकांची पाळी. `total = 0` ही ओळ लूपच्या आत गेली, तर प्रत्येक फेरीत बेरीज पुसली जाते. शेवटी फक्त `45` उरतात आणि सरासरी `15.0` येते. पायथन काहीच तक्रार करत नाही, म्हणून ही चूक ओळखायची खूण पाठात द्यायला हवी: सरासरी सगळ्यांत कमी गुणांपेक्षाही खाली जाऊच शकत नाही. `print` आत गेला तर `20.0`, `45.0`, `60.0` अशा तीन ओळी दिसतात. यादी रिकामी असेल तर मात्र `ZeroDivisionError` येतो.

सरावात थेट ‘प्रोग्रॅम लिहा’ म्हटलं तर वाचक कोऱ्या फाइलकडे बघत बसतो. संगणकशिक्षणाच्या संशोधक सू सेन्टन्स यांनी मांडलेला क्रम इथे उपयोगी पडतो: आधी अंदाज करा, चालवून पाहा, तपासा, बदला, मग स्वतः लिहा. आपल्या पाठात पहिला प्रश्न असा: यादीत `80` जोडले तर काय छापलं जाईल? उत्तर `65.0`. दुसऱ्या प्रश्नात कोडच्या ओळी उलटसुलट देऊन नीट लावायला सांगायचं. न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेला हा प्रकार आहे. यात टायपिंगच्या चुकांत अडकायला होत नाही, सगळं लक्ष क्रमावर राहतं. तिसरा प्रश्न कोड बदलण्याचा: पन्नासपेक्षा जास्त गुण किती जणांना आहेत ते मोजा.

शेवटचा प्रश्न स्वतः लिहिण्याचा: `max` न वापरता यादीतली सगळ्यांत मोठी संख्या शोधा. आधीच्या सवयीने बरेच जण शून्यापासूनच सुरुवात करतील, आणि गुणांच्या यादीवर उत्तर बरोबरही येईल. म्हणून तपासायला हिवाळ्यातल्या तापमानांची यादी द्यावी: `[-5, -12, -3]`. आता उत्तर `0` येतं, आणि ते यादीत नाहीच. सुरुवात यादीतल्या पहिल्या संख्येपासून केली की `-3` मिळतं. उत्तरांच्या भागात बरोबर कोडसोबत हे कारणही लिहावं, नाहीतर चुकलेल्याला नेमकं काय चुकलं ते कळत नाही.

एवढ्या मजकुराला एकच स्लाइड पुरली. म्हणून चाळीस स्लाइडचा एकच पाठ करायला जाऊ नये. एका पाठात एकच कल्पना घ्यावी. पाठ तयार झाला की तो विषय नव्याने शिकणाऱ्या एकाला वाचायला द्यावा आणि शेजारी गप्प बसावं. तो जिथे थांबून काही विचारेल, तिथे तोंडी उत्तर देण्याऐवजी ते उत्तर पाठात त्याच जागी लिहावं.