वेरूळ पहाटे, दौलताबाद रद्द

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, एका रविवारी संध्याकाळी, मुंबईहून आलेला सहलीचा गट छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलात उतरला आहे असं समजू. बहुतेक जण साठीच्या पुढचे. रात्रीच्या जेवणाआधी प्रत्येकाच्या खोलीत एक कागद येतो:

‘सप्रेम नमस्कार. हवामान विभागाने उद्यापासून उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला आहे, म्हणून कार्यक्रमात बदल केला आहे. सोमवारी वेरूळ : बस पहाटे साडेपाचला सुटेल, साडेनऊला परतीला लागू. दौलताबाद किल्ला रद्द. मंगळवारी अजिंठा : बस सव्वासहाला. दुपारी बारा ते पाच बाहेरचा कोणताही कार्यक्रम नाही. लेण्यांत दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी घ्यावे. हॉटेलकडून पहाटे पाचपासून चहा-नाश्ता, बाटल्या भरण्यासाठी थंड पाण्याचे जार, दुपारच्या जेवणात ताक आणि पन्हे, रिसेप्शनवर ओआरएसची पाकिटे, आणि बसमध्ये बर्फ व ओले टॉवेल मिळतील. हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी टूर मॅनेजरना आजच सांगावे.’

जेवणाच्या टेबलावर कुरकुर होणार हे ठरलेलं. सुट्टीत पहाटे पाचला उठायचं, आणि वर पैसे भरलेला किल्लाही गेला! पण या कागदातल्या जवळपास प्रत्येक ओळीमागे घामाचा हिशेब आहे.

आधी इशाऱ्याचं पाहू. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश सेल्सिअस आणि शिवाय त्या काळातल्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल, तर हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. पारा थेट ४५ वर गेला तर सरासरी बघायचीही गरज नसते. मात्र बातमीत येणारं ‘४२ अंश’ हे सावलीतलं तापमान असतं. पांढऱ्या, झडपांच्या, हवा खेळती ठेवणाऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ते मोजतात. काळ्या बेसॉल्टच्या अंगणात उन्हात उभ्या असलेल्या माणसाला त्या ४२ शिवाय वरून ऊन आणि खालून, बाजूने तापलेला दगड असं सगळं मिळतं. म्हणून कागदातला खरा प्रश्न सावली कुठे आणि केव्हा असते, हा आहे.

वेरूळच्या बाबतीत तो फार मजेशीर होतो. इथली ३४ लेणी डोंगराच्या पश्चिमेकडच्या उतारावर, साधारण दोन किलोमीटर लांबीत कोरली आहेत. दर्शनी भाग पश्चिमेला असल्यामुळे फोटो काढणारे नेहमी दुपारनंतर जायला सांगतात, कारण तेव्हा सूर्य समोर येतो आणि शिल्पं उजळतात. हिवाळ्यात हा सल्ला उत्तम आहे. मे महिन्यात त्याच कारणासाठी तो उलटा करायचा. सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो आणि कड्याची सावली लेण्यांपुढच्या अंगणांवर पडते. वेरूळ सूर्योदयापासून उघडं असतं, त्यामुळे हे सावलीचे दोन-तीन तास पूर्ण वापरता येतात. त्यानंतर सूर्य भराभर वर चढतो. वेरूळ २० अक्षांशावर आहे आणि २० मेच्या आसपास तिथे शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि कैलास लेण्याच्या खोल अंगणातले उंच कडेही सावली देत नाहीत. पुढे संध्याकाळपर्यंत ऊन थेट दर्शनी भिंतींवर आपटतं. हवेचं तापमान तीन-चारच्या सुमाराला शिखरावर जातं आणि नेमक्या त्याच वेळी दगडही तापलेला असतो.

लेण्याच्या आत मात्र वेगळं जग असतं. दिवसभराची उष्णता दगडात जेमतेम अर्धा मीटर शिरते, तोवर रात्र होते आणि ती परत फिरते. त्यामुळे खोल गाभाऱ्यातल्या भिंतींना दुपार झाल्याचा पत्ताच लागत नाही. उन्हाचा त्रास लेण्यात होत नाही, तो एका लेण्यातून दुसऱ्यात जाताना होतो.

अजिंठ्याला ही युक्ती चालत नाही, कारण ते सकाळी नऊला उघडतं. दिवसांची अदलाबदलही करता येत नाही, कारण सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ. मग आयोजकाच्या हातात काय उरतं? शंभरेक किलोमीटरचा रस्ता. सव्वासहाला निघालं की फर्दापूरच्या फाट्यावर आपली बस सोडून, तिथल्या बसने दार उघडायच्या वेळी पायथ्याशी पोचता येतं. बारापर्यंत बाहेर पडायचं आणि दिवसातले सर्वांत तापलेले तास परतीच्या थंड बसमध्ये घालवायचे. प्रवासाचा कंटाळवाणा वेळ इथे ढालीसारखा वापरला आहे, आणि मला या कागदातली ही सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

आता रद्द झालेला किल्ला. दौलताबादची टेकडी सुमारे दोनशे मीटर उंच आहे. साठ किलोचा माणूस तेवढा वर चढला तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण १२० किलोज्यूल काम होतं. पण आपले स्नायू फारसे कार्यक्षम नाहीत. खर्च केलेल्या ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्सा कामाला लागतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे या चढाईत शरीरात सुमारे ४०० किलोज्यूल उष्णता तयार होते. साठ किलोच्या शरीराचं तापमान एका अंशाने वाढायला साधारण २१० किलोज्यूल पुरतात. ही उष्णता बाहेर टाकताच आली नाही, तर माथ्यावर पोचेपर्यंत ३७ अंशांचं शरीर ३९ अंशांजवळ जाईल. प्रत्यक्षात घाम बरीचशी उष्णता काढून घेतो, पण सावली नसलेल्या पायऱ्यांवर ऊन त्यात सतत भर घालत असतं. शिवाय दमलेला माणूस मध्यावर असतो तेव्हा मागे फिरायलाही तेवढंच ऊन बाकी असतं.

यावर कुणीतरी हमखास विचारतं, ‘अजिंठ्याचे डोलीवाले दिवसभर चढ-उतार करतात, त्यांना काही होत नाही?’ त्यांनाही होतं, बोलून दाखवत नाहीत इतकंच. पण रोज उन्हात कष्ट करणाऱ्या शरीरात एक-दोन आठवड्यांत खरोखर बदल घडतात. घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो. एसी घरातून एसी बसने आलेल्या पाहुण्याला हे दोन दिवसांत साधत नाही. म्हणूनच लाटेचे पहिले दिवस जास्त वाईट.

पाण्याची ओळ मुंबईकरांना सर्वांत कमी पटते. ‘इथे घामच येत नाही हो,’ असं ते म्हणतात. येतो, आणि बराच येतो, फक्त दिसत नाही. मुंबईच्या दमट हवेत तो वाळत नाही, अंगावरून ओघळतो आणि फुकट जातो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तो येताक्षणी उडतो. कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा ४२ अंशांची असेल तर ती आपल्याला थंड करत नाही, उलट तापवते. मग उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग राहतो, तो म्हणजे घामाचं बाष्पीभवन. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तासभर रमतगमत चालताना शरीर साधारण २०० किलोकॅलरी उष्णता तयार करतं. ऊन आणि गरम हवेने आणखी तेवढीच भर घातली असं धरलं, तर ४०० किलोकॅलरी बाहेर टाकायला सुमारे ७०० मिलिलिटर घाम लागतो. दर वीस मिनिटांनी दोनशे मिलिलिटरचा पेला घेतला की तासाला ६०० मिलिलिटर होतात. कागदातला पेला असा आला आहे. उतारवयात तहान उशिरा लागते, म्हणून घड्याळ लावायचं.

यात उलटी चूकही होते. घाबरून तासाला दोन-दोन लिटर नुसतं पाणी प्यायलं, तर मूत्रपिंडांना ते वेळेत बाहेर टाकता येत नाही, रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि डोकं दुखणं, मळमळ, गोंधळ सुरू होतो. ही लक्षणं उष्माघातासारखीच दिसतात. मग कुणीतरी आणखी पाणी पाजतं. तीन-चार तासांच्या फेरीत नेहमीचा नाश्ता आणि दुपारचं मीठ घातलेलं ताक बहुतेकांना पुरतं. ओआरएस हे ज्याला फार घाम आला, उलट्या-जुलाब झाले, त्याच्यासाठी आहे. लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच घालायचं. त्यातलं ग्लुकोज चवीसाठी नसतं, आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. पाणी कमी घालून गोड-खारट केलं की ही घडी बिघडते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे आणि जे लघवी वाढवणारी गोळी घेतात, त्यांच्यासाठी वरचा पेल्याचा हिशेब नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना फोन करूनच प्रमाण ठरवायचं. कागदातली शेवटची ओळ त्यासाठी आहे.

हॉटेलच्या यादीत दुपारची थंड खोली लिहिलेली नाही, ती गृहीत धरली आहे. पण तीच सर्वांत मोठी सोय आहे, कारण सकाळभर पळालेल्या हृदयाला तिथे विश्रांती मिळते. वीज गेली आणि खोलीतली हवा ४० अंशांवर चढली, तर जनरेटरवर नुसता पंखा लावून भागत नाही, तो भट्टीतली हवा अंगावर फेकतो. अशा वेळी अंग ओलं करून पंख्याखाली बसायचं.

आणि बसमधला बर्फ? तो सरबतासाठी नाही. गटातलं कुणी असंबद्ध बोलू लागलं, नेहमीच्या माणसाला ओळखेना, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, तर तो उष्माघात समजायचा. अंग कोरडं पडेपर्यंत थांबायचं नाही, चालून-चढून झालेल्या उष्माघातात अंगाला घाम असू शकतो. काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो, त्यावर विसंबायचं नाही. पॅरासिटामॉल इथे काम करत नाही, कारण हा जंतूंमुळे आलेला ताप नाही. शुद्ध हरपत असलेल्याला पाणी पाजायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. एकाने १०८ ला फोन करायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगभर पाणी ओतत वारा घालायचा, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवायचा. आधी गार करायचं, मग हलवायचं. पहिल्या अर्ध्या तासात शरीर किती खाली येतं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. म्हणून बर्फाचा डबा सामानाच्या डिकीत ठेवू नये, टूर मॅनेजरच्या सीटखाली ठेवावा. डिकीची किल्ली ड्रायव्हरकडे असते, आणि ड्रायव्हर तेव्हा झाडाखाली झोपलेला असतो.